आकडा कुठे मोजायचा?

बारवी धरणातून सोडलेलं पाणी उल्हास नदीत येतं आणि जांभूळच्या बंधाऱ्यापाशी उचललं जातं. तिथल्या एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून ते पुढे शहरांकडे आणि कारखान्यांकडे जातं. पाणी शुद्ध करणाऱ्या अशा केंद्रांविषयीचे तांत्रिक व्हाइट पेपर माझ्याकडे भाषा सुधारायला येतात. त्यातलं एक नमुनेदार वाक्य बघा:

“पावसाळ्यात नदीच्या पाण्याचा गढूळपणा वाढल्यास, जार टेस्टने ठरवलेली तुरटीची मात्रा, जी क्षारता कमी असल्यास चुन्यासह द्यावी लागते, देऊन, गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूच्या आत, व पर्यायी स्रोत नसल्यास 5 एनटीयूच्या आत ठेवून, 30 मिनिटांच्या संपर्ककाळानंतर मोकळा उर्वरित क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅमपेक्षा कमी राहणार नाही अशा बेताने क्लोरीन द्यावा.”

लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक आहे, म्हणून त्याला हे वाक्य सरळ वाटतं. वाचणारा मात्र “द्यावा”पर्यंत पोचता पोचता तुरटी विसरतो. पण म्हणून स्वल्पविराम दिसेल तिथे पूर्णविराम ठोकला, तर वाचायला सोपा आणि अर्थाने चुकीचा मजकूर तयार होतो. तो जास्त घातक.

मी आधी क्रियापदं शोधते. कुणीतरी काहीतरी करायचं आहे, अशा किती गोष्टी आहेत? मात्रा ठरवायची, तुरटी द्यायची, कधी चुना द्यायचा, गढूळपणा आवाक्यात ठेवायचा, क्लोरीन द्यायचा. मग प्रत्येक “असल्यास” नेमका कोणत्या क्रियापदाचा आहे ते पेन्सिलीने जोडते. इथे पहिलीच गाठ अडते. “पावसाळ्यात गढूळपणा वाढल्यास” ही अट कुठवर चालते? व्याकरणाने ती शेवटच्या “द्यावा”पर्यंत पोचते. म्हणजे उन्हाळ्यात क्लोरीन नको? क्लोरीन तर बाराही महिने लागतो. लांब वाक्यात ही संदिग्धता निवांत लपून बसते. तोडताना मात्र अट कुठे लावायची हे ठरवावंच लागतं, आणि ते संपादकाने परस्पर ठरवायचं नसतं. समासात प्रश्न लिहायचा आणि अभियंत्याला फोन करायचा.

चुन्याची अट मी स्वतंत्र वाक्यात काढते, कारण तिचं कारणही सांगावं लागतं. 1 मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. पाण्यात तेवढी क्षारता नसेल तर सामू घसरतो आणि गुठळ्या नीट बांधल्या जात नाहीत. मूळ वाक्यात हे कारण घुसवायला जागाच नव्हती.

1 आणि 5 हे आकडे मात्र मी एकमेकांपासून तोडत नाही. आयएस 10500 मध्ये 1 एनटीयू ही स्वीकार्य मर्यादा आहे. 5 ची मुभा केवळ दुसरा स्रोत नसेल तेव्हाची. “5 एनटीयूपर्यंत चालते” असं सुटं वाक्य लिहिलं, तर कुणीतरी तेवढंच उचलून आपल्या अहवालात टाकणार. म्हणून अट आकड्याच्या आधी आणि त्याच वाक्यात: “दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच ही मर्यादा 5 एनटीयूपर्यंत शिथिल होते.” इथला “तरच”मधला “च” शब्दसंख्या कमी करण्याच्या नादात बळी जातो. त्याला हात लावू नये.

दुरुस्त मजकूर असा झाला:

“गढूळपणा वाढला की तुरटीची मात्रा जार टेस्टने पुन्हा ठरवावी. पाण्याची क्षारता कमी असेल तर तुरटीबरोबर चुना द्यावा; नाहीतर सामू घसरतो आणि गुठळ्या नीट बांधल्या जात नाहीत. गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूच्या आत ठेवावा. दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच ही मर्यादा 5 एनटीयूपर्यंत शिथिल होते. क्लोरीन वर्षभर द्यावा. क्लोरीनचा पाण्याशी संपर्क किमान 30 मिनिटं राहावा. मोकळा उर्वरित क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावा.”

“तो”, “ते”, “त्याची” ही सर्वनामं मी टाळली आहेत. क्लोरीन हा शब्द लागोपाठच्या वाक्यांत येतो, येऊ दे. ललित लेखात खटकला असता; इथे “तो” म्हणजे चुना की क्लोरीन, असा प्रश्न पडण्यापेक्षा पुनरुक्ती परवडली.

आता प्रत्येक वाक्य एकटं काढून वाचायचं: रात्रपाळीच्या ऑपरेटरला एवढीच ओळ मिळाली तर तो बरोबर वागेल का? शेवटची ओळ इथे नापास होते. 0.2 कुठे मोजायचा? केंद्राच्या टाकीत की घरच्या नळाला? मानकात ही मोजणी ग्राहकाच्या टोकाची आहे आणि वाटेत पाइपमध्ये क्लोरीन कमी होत जातो. टाकीतच 0.2 राखला, तर शेवटच्या नळाला त्याहून कमी उरणार. मूळ वाक्यातही ही जागा नव्हती, पण तिथे ती कुणाला जाणवत नव्हती. अभियंत्याने होकार दिल्यावर “ग्राहकाच्या नळाला” हे शब्द वाढले.

सुटी वाक्यं मिळून मजकूर मूळ वाक्यापेक्षा लांबला. तक्रार झाली तर होऊ द्या. पण आकड्याशेजारी त्याची जागा आणि अट लिहिलेली नसेल, तर पान छपाईला सोडू नका.