पहाटेची नाडी

दहावीच्या वर्षी मी धावण्याचा सराव करीत असे. आमचे गृहपाल गुरुजी मला पहाटे अंथरुणातच नाडी मोजावयास लावीत. मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा. तो एरवी 62 च्या आसपास असे. स्पर्धेच्या आठवड्यात मात्र तो 65, 68, 72 असा चढत गेला. ताप नव्हता, घसाही दुखत नव्हता. तरी गुरुजींनी मला शर्यतीतून वगळले, मी रुसलो. त्याच रात्री सणसणून ताप भरला. शरीर संसर्गाशी झुंजू लागले, की ताप जाणवण्याआधीच नाडी वाढू शकते, हे तेव्हा उमगले. जागरणानेही ती वाढते. म्हणून गुरुजी एका दिवसाच्या आकड्यावर विसंबत नसत, सलग चढ पाहत. आज माझ्या मुलीच्या उशाशी तशीच वही आहे.