स्कीइंगचे कपडे : तीन थर आणि घामाचा हिशेब

स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग या दोन्ही खेळांत शरीराची मेहनत सलग नसते. उतारावरून येताना मांड्या आणि पाठ जोराने काम करतात आणि अंग तापते. मग लिफ्टच्या रांगेत गार वाऱ्यात ताटकळत उभे राहावे लागते. त्यामुळे या खेळाचे कपडे नुसते उबदार असून भागत नाही. मेहनत चालू असताना त्यांनी घाम बाहेर जाऊ द्यावा लागतो आणि मेहनत थांबली की ऊब धरून ठेवावी लागते. एका जाड कोटाला ही दोन्ही कामे जमत नाहीत, म्हणून कपडे तीन थरांत घालतात.

बर्फात थंडी वाजण्याचे कारण पुष्कळदा बाहेरच्या बर्फापेक्षा आतला घाम हे असते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट सहजतेने उष्णता वाहून नेते. कोरड्या कपड्याच्या धाग्यांत अडकलेली हवा ऊब राखते. तिची जागा घामाने घेतली की तोच कपडा शरीराची उष्णता बाहेर नेऊ लागतो. शिवाय घाम वाळताना त्वचेतून आणखी उष्णता खेचून घेतो. मेहनत चालू असते तोवर हे जाणवत नाही. थांबल्यावर काही मिनिटांतच पाठीतून शिरशिरी येते.

अंगालगतच्या पहिल्या थराचे काम त्वचेवरचा घाम उचलून बाहेरच्या बाजूला पसरवण्याचे असते. पॉलिएस्टर हे काम करते आणि लवकर वाळते. मेरिनो लोकर थोडी उशिरा वाळते, पण धाग्याच्या आत बराच ओलावा सामावून घेते, त्यामुळे दमट असतानाही ती अंगाला गार लागत नाही. सुती बनियन किंवा जीन्स घाम शोषून धरून ठेवते. बर्फात तिला जागा नाही. पायांसाठीचा थर स्कीबुटाच्या वरच्या कडेच्या वर संपावा आणि बुटात फक्त एक पातळ, लांब मोजा असावा. दोन मोजे घातले तर बूट आवळतो, रक्तप्रवाह कमी होतो आणि पाय उलट जास्त गारठतात.

मधला थर ऊब धरतो. चालताना आणि उतरताना अंगावर ठेवायला पातळ फ्लीस चांगले, कारण त्यातून वाफ सहज निघून जाते. थांबण्याच्या वेळेसाठी भरावाचे जाकीट लागते. त्यात पिसांचा भराव वजनाच्या मानाने सर्वांत उबदार असतो, पण ओला झाला की चप्पट होतो आणि ऊब हरवतो. कृत्रिम तंतूंचा भराव थोडा जड असतो, मात्र दमट झाला तरी बरीचशी ऊब राखतो. घाम आणि थंडी आलटून पालटून येणाऱ्या दिवसात तो अधिक भरवशाचा ठरतो. एका जाड जाकिटापेक्षा पातळ फ्लीस आणि वेगळे जाकीट घेणे सोयीचे, कारण त्यातले एक काढून ठेवता येते.

सर्वांत बाहेरचा थर म्हणजे शेल. यात ऊब नसते. वारा आणि पाणी अडवणे आणि वाफ बाहेर सोडणे एवढेच त्याचे काम. कापडाच्या आतल्या बाजूच्या पातळ पापुद्र्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. बाहेरच्या बाजूला पाणी झटकून टाकणारा लेप असतो. तो झिजला की कापड ओलावा पिऊन गडद दिसू लागते आणि वाफेची वाट बुजते. शेल फाटलेला नसतो, तरी आत ओले लागते. तो ओलावा बहुधा आपल्याच घामाचा असतो. लेप शाबूत आहे का हे पाहायला कापडावर पाण्याचे काही थेंब टाकावेत. ते गोळा होऊन घरंगळले तर ठीक. पसरून मुरले तर कपडा धुऊन लेप पुन्हा द्यावा.

शेल पँटकडे विशेष लक्ष द्यावे, कारण लिफ्टची ओली बैठक, पडणे आणि गुडघे टेकणे हे सारे तिलाच सोसावे लागते. स्नोबोर्ड करणारे तर बर्फावर बसूनच बूट बोर्डला बांधतात. शिवणींवर आतून पाणीरोधक पट्टी लावलेली असावी. मांडीच्या बाजूला लांब चेन असावी. ती उघडली की मांड्यांची वाफ लगेच बाहेर पडते. पायाच्या टोकाशी आतून इलॅस्टिकची झालर असते, ती बुटाच्या वरून ओढून घेतली की बर्फ आत शिरत नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला जाड कापडाचा तुकडा हवा, नाहीतर स्कीच्या पोलादी कडा पँट कापतात. भुसभुशीत बर्फात छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट बरी, कारण पडल्यावर कमरेतून बर्फ आत जात नाही.

गॉगललाही घामाचाच त्रास होतो. त्याला दोन काचा असतात आणि मध्ये हवेचा थर असतो, त्यामुळे आतली काच फारशी गार पडत नाही आणि तिच्यावर वाफ कमी धरते. आतल्या काचेवरचा वाफरोधक लेप नाजूक असतो. ती हातमोज्याने पुसली की लेप निघतो आणि पुढे तिथेच धुके धरते. गॉगल कपाळावर चढवून ठेवला तर घामेजलेल्या कपाळाची वाफ थेट आत जाते. लख्ख उन्हात ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडणारी काच पुरते. ढगाळ हवेत ४३ टक्क्यांहून अधिक प्रकाश सोडणारी फिकट काच लागते, नाहीतर बर्फावरचे उंचवटे दिसत नाहीत. ताजा बर्फ अतिनील किरणांचा बहुतांश भाग परत फेकतो, म्हणून ढग असले तरी डोळ्यांवरचे संरक्षण काढू नये.

हे सारे एकत्र कसे वापरायचे, ते गुलमर्गच्या अफरवट धारेवर चांगले समजते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, तर गंडोलाचे वरचे स्थानक सुमारे ३,९५० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. खाली उणे ५ अंश असतील तर वर साधारण उणे १३, आणि त्यावर धारेचा वारा. गस्ती पथकाने मार्ग खुला केला की स्कीअर स्थानकापासून स्की खांद्यावर घेऊन धारेवर चालत जातात. गंडोलात बसून अंग गारठलेले असते, म्हणून जाकीट घालूनच चालू लागावेसे वाटते. प्रस्तुत लेखकाची रीत याच्या उलट आहे. भरावाचे जाकीट पाठपिशवीत जाते; काखेच्या आणि मांडीच्या चेनी उघडल्या जातात; गॉगल पिशवीत कोरडा राहतो आणि डोळ्यांवर साधा काळा चष्मा येतो. पहिली काही मिनिटे हुडहुडी भरते. चढ लागला की ती जाते, आणि फ्लीस व शेल एवढेच पुरते. मानेशी ओलसर वाटू लागले तर आधी चाल मंदावायची आणि टोपी काढायची.

माथ्यावर पोचताच, थंडी वाजण्याची वाट न पाहता, जाकीट शेलवरूनच चढवायचे. चेनी लगेच बंद केल्या तर आतली वाफ आतच अडकते, म्हणून श्वास खाली बसेपर्यंत त्या उघड्या राहतात. मग हातमोजे बदलून कोरडे घालायचे, जाकीट पिशवीत परत ठेवायचे, सगळ्या चेनी लावायच्या आणि सर्वांत शेवटी गॉगल. उतरताना स्वतःच्या वेगाचा वारा लागतो, तेव्हा एकही चेन उघडी नको.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. हवा दमट आणि बर्फ ओला असेल तर कोणताही शेल घामाचा सगळा भार बाहेर टाकू शकत नाही. आडोशाला पोचल्यावर पाठीवरून हात फिरवावा. पहिला थर चिंब लागला तर त्यावर आणखी कपडे चढवून उपयोग होत नाही. तो काढून कोरडा थर घालावा लागतो. थरथर थांबेना किंवा बोटांची जाणीव परतेना, तर त्या दिवसाचे स्कीइंग तिथेच संपवून उबदार खोलीत जावे.