दहा हजार नोंदी आणि एक ‘कारण द्या’

तिसऱ्या वर्षाला अल्गोरिदमच्या असाइनमेंटमध्ये एक फाइल मिळाली होती. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या दहा हजार नोंदी तारखेनुसार लावायच्या होत्या आणि एकाच तारखेच्या नोंदींचा आपसातला क्रम बदलायचा नव्हता. शेवटी एक ओळ होती : ‘निवडलेल्या अल्गोरिदमचे कारण द्या.’

मी क्विकसॉर्ट निवडला. जर्नलमध्ये नेहमीचा तक्ता काढला आणि सरासरी O(n log n) असल्यामुळे क्विकसॉर्ट योग्य, असं लिहून टाकलं. यादीतला पहिला घटक पिव्हट घेतला. रँडम आकडे तयार करून चाचणी केली, तेव्हा दहा हजार आकड्यांना दीड लाखाच्या आसपास तुलना लागल्या. मी निर्धास्त होतो.

प्रॅक्टिकलला मॅडमनी तोच प्रोग्रॅम दिलेल्या फाइलवर चालवायला सांगितला. स्क्रीनवर आलं :

```
RecursionError: maximum recursion depth exceeded
```

मी रिकर्शनची मर्यादा वाढवायला निघालो. मॅडमनी थांबवलं. “मर्यादा नंतर वाढव. आधी फाइल उघडून बघितलीस का?”

बघितली नव्हती. उघडली तेव्हा लक्षात आलं, की नोंदी रोजच्या रोज टाइप झालेल्या होत्या, म्हणजे यादी जवळजवळ लावलेलीच होती. अशा यादीत पहिला घटक बहुधा सगळ्यांत लहान असतो. त्याला पिव्हट केलं की एका बाजूला काहीच उरत नाही आणि दुसऱ्या बाजूला उरलेली सगळी यादी येते. दर फेरीत काम एका घटकानेच कमी होतं. पूर्ण क्रमाने लागलेल्या दहा हजारांच्या यादीत या तुलना n(n−1)/2, म्हणजे 4 कोटी 99 लाख 95 हजार होतात आणि रिकर्शन दहा हजारांच्या जवळपास खोल जातं. पायथॉनची नेहमीची मर्यादा एक हजार आहे.

“मग पिव्हट रँडम घेतो,” मी म्हणालो.

“वेळेचा प्रश्न सुटेल. एकाच तारखेच्या नोंदींचं काय?”

क्विकसॉर्टच्या अदलाबदलीत समान घटकांचा मूळ क्रम टिकेलच असं नाही. तो टिकवणं, म्हणजे सॉर्ट स्टेबल असणं, ही प्रश्नातली अट होती आणि मी ती वाचून सोडून दिली होती.

त्या रात्री मी आधी मोजणी केली. फाइलमध्ये उशिरा चढवलेल्या वीस नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंद आपल्या जागेपासून सुमारे पन्नास जागा मागे पडलेली होती. म्हणजे उलट्या क्रमात असलेल्या जोड्या साधारण एक हजार. इन्सर्शन सॉर्टला प्रत्येक नोंदीसाठी निदान एक तुलना लागते आणि जवळपास प्रत्येक उलट्या जोडीसाठी आणखी एक. एकूण अकरा हजारांच्या आसपास. त्याच फाइलवर मर्ज सॉर्टला सुमारे 65 हजार तुलना लागल्या. तक्त्यात O(n²) म्हणून मी ज्याला बाद केलं होतं, तो इथे मर्ज सॉर्टच्या सहापट कमी तुलना करत होता. स्टेबल राहण्यासाठी एवढंच सांभाळायचं होतं :

```python
while j >= 0 and a[j].date > x.date:
```

इथे तारखांच्या तुलनेत `>` च्या जागी `>=` लिहिलं, तर समान तारखेच्या नोंदी उलट्या होतात.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आकडे पाहिले आणि विचारलं, “आता हा निर्णय कुठे चुकेल ते दाखव.” त्यासाठी मी एक दुसरी फाइल बनवली : एकाच वर्षातल्या दोन काउंटरांच्या पाच-पाच हजार नोंदी, एकीच्या खाली दुसरी जोडलेली. दोन्ही तुकडे आतून क्रमाने, पण दुसऱ्या तुकड्यातली प्रत्येक नोंद वरच्या तुकड्यात कुठेतरी शिरायला हवी. उलट्या जोड्या सव्वा कोटीच्या आसपास निघाल्या आणि इन्सर्शन सॉर्ट तेवढ्याच तुलना करत बसला. मर्ज सॉर्टचं काम सत्तर हजारांच्या आसपास उरकलं, तेही स्टेबल राहून. मात्र त्याला यादीएवढी जादा मेमरी लागते.

पायथॉनच्या `sorted()` मध्ये हे दोन्ही गुण एकत्र आहेत, हे मला त्यानंतर समजलं. टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये लिहिलेला टिमसॉर्ट आधी यादीतले क्रमाने लागलेले तुकडे शोधतो, लहान तुकडे इन्सर्शनने वाढवतो आणि मग सगळे मर्ज करतो.

जर्नलमधलं पान मी नव्याने लिहिलं : ‘नोंदी रोज चढवल्या जातात, उलट्या जोड्या सुमारे एक हजार आहेत आणि समान तारखांचा क्रम टिकायला हवा, म्हणून इन्सर्शन सॉर्ट. दोन काउंटरांच्या नोंदी जोडल्यास मर्ज सॉर्ट.’ O(n log n) हा शब्द त्या कारणात एकदाही आला नाही. ‘कारण द्या’ असं लिहिलेलं दिसलं, की तक्ता काढण्याआधी फाइल उघडा आणि तिच्यातल्या उलट्या जोड्या मोजा.