मीटरवर काय ठेवलं, काय काढलं

माझ्या गाडीचं मीटर म्हणजे 10.25 इंचांचा पडदा. वेग, इंधन आणि धोक्याचे दिवे यांच्या जागा कंपनीने पक्क्या केलेल्या आहेत, त्या हलत नाहीत. उरलेले तीन कप्पे मात्र आपल्या हाती: डावा, मधला आणि उजवा. कुठल्या कप्प्यात काय दिसावं ते गाडी उभी असताना सेटिंगमध्ये ठरवायचं. गाडी चालू लागली की तो मेन्यू बंद होतो, आणि आधी जुळवलेल्या मांडण्यांमधून स्टिअरिंगवरच्या बटणाने फिरता तेवढं येतं. म्हणून घरून निघायच्या आधी विचार करून ठेवावा लागतो.

नवी गाडी आली तेव्हा तिन्ही कप्पे भरलेले होते. डावीकडे त्या क्षणाचं ॲव्हरेज, मध्ये मोठा नकाशा, उजवीकडे गाण्याचं नाव. दिसायला झकास. पण क्षणाचं ॲव्हरेज चढावर 6 आणि उतारावर 40 दाखवतं, आणि चढ आहे हे मला रस्त्यावरून आधीच कळलेलं असतं. हळूहळू मी एक कसोटी लावायला लागलो: चालवताना ज्या आकड्यावरून मला काही करता येत नाही, तो समोर ठेवायचा नाही. गाणं गेलं, क्षणाचं ॲव्हरेज गेलं.

नकाशाचा निर्णय रस्त्यावर अवलंबून निघाला. पुण्यात चांदणी चौकातून जाताना नुसता बाण पुरत नाही. ‘थोडं डावीकडे’ असं बाण सांगतो, आणि समोर डावीकडेच जाणारे दोन रॅम्प असतात. तिथे फाटे दिसणारा नकाशा मध्ये हवाच. हायवेला लागलं, की पुढचं वळण कित्येक किलोमीटरवर असतं आणि नकाशावर एक सरळ निळी रेघ तेवढी सरकत राहते. तेव्हा मी मांडणी बदलतो. डाव्या कप्प्यात बाण आणि अंतर राहतं, मधला कप्पा मोकळा होतो. फोनचा नकाशा मीटरवर पूर्ण येणार की फक्त बाण, हे गाडी आणि फोनमधलं ॲप दोन्हींवर ठरतं. गाडी घेताना आपलाच फोन जोडून हे बघून घ्यावं.

मधल्या मोकळ्या कप्प्यात मी टायरची हवा आणली. गाडीचं छोटं चित्र आणि चार कोपऱ्यांत चार आकडे. पहिलं काम एकक बदलण्याचं. गाडी किलोपास्कलमध्ये 230 दाखवत होती आणि पंपावरचा मुलगा विचारायचा, ‘‘किती, 33?’’ पीएसआय निवडल्यावर मीटर आणि पंप एकच भाषा बोलू लागले. इथे एक मात्र पाहावं लागतं: काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच. चाकाच्या फिरण्याच्या वेगावरून हवा कमी झाल्याचा अंदाज बांधला जातो. अशा गाडीत आकडे कधीच दिसत नाहीत, फक्त इशारा मिळतो.

आकडे का हवेत, ते एप्रिलमध्ये कोल्हापूरला जाताना नीट कळलं. पहाटे गार टायरमध्ये चारही ठिकाणी 33 होतं. टायर तापला की आतली हवाही तापते, आणि दर दहा अंशांमागे दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. त्यामुळे साताऱ्याच्या पुढे तीन आकडे 37 झाले होते, ते बरोबरच होतं. डावीकडचं मागचं चाक मात्र 34 वर होतं. एकट्याने पाहिलं तर तो आकडा सांगितलेल्या 33 पेक्षा जास्तच, काळजीचं कारण नाही. पण बाकीच्या तिघांबरोबर वाढायला हवं होतं, आणि ते वाढलं नव्हतं, म्हणजे आतून हवा जात होती. कऱ्हाड येईपर्यंत 33 झालं. इशाऱ्याचा दिवा लागलेला नव्हता, आणि तो लागणारही नव्हता, कारण असे दिवे सहसा दाब 20 ते 25 टक्के उतरल्यावर लागतात. 33 च्या हिशेबात म्हणजे 25-26 च्या आसपास. तोवर गाडी हायवेच्या वेगाने पळतच राहिली असती.

कऱ्हाडला पंक्चरवाल्याकडे थांबलो. ‘‘मामा, मागचं डावं बघा जरा.’’ त्यांनी गेज लावला आणि म्हणाले, ‘‘साहेब, ह्यात 37 हाय की. ह्याला काय झालं न्हाय.’’ मग पुढचं डावं तपासलं, तिथे 33. ट्रेडमध्ये खिळा बसलेला होता आणि खिळा आत असल्यामुळे हवा सावकाश जात होती. उलगडा सोपा होता. आधीच्या सर्व्हिसिंगला टायर पुढचे मागे, मागचे पुढे केले होते. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो आणि कुठला क्रमांक कुठल्या कोपऱ्यात, हे गाडी लक्षात ठेवते. काही गाड्या बदल आपोआप ओळखतात. माझ्या गाडीला तो वर्कशॉपमधल्या यंत्राने शिकवावा लागतो, आणि ते राहून गेलं होतं. आता टायर फिरवले की मी एका चाकातली थोडी हवा सोडतो, थोडं अंतर चालवतो आणि पडद्यावर त्याच कोपऱ्यातला आकडा उतरला का ते पाहतो. मग हवा परत भरून घेतो.

प्लग बसवून झाल्यावर मामा म्हणाले, ‘‘सगळ्यांत 33 करून टाकू?’’ मी नको म्हटलं. तापलेल्या टायरमधून 37 चं 33 केलं असतं, तर रात्री गार झाल्यावर तिथे जेमतेम 29 उरलं असतं. दुरुस्त केलेल्या चाकात बाकीच्यांइतकी 37 भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारही आकडे पुन्हा 33 च्या जवळ आले.

उजव्या कप्प्यात प्रवासाचा हिशेब असतो. गाडीत दोन ट्रिप आहेत. ट्रिप ए गाडी दोन तासांहून जास्त बंद राहिली की आपोआप शून्य होते. ट्रिप बी मी स्वतः फक्त टाकी फुल केल्यावर शून्य करतो. समोर ठेवतो ती बी. कारण एका टाकीत शहर, घाट, ट्रॅफिक सगळं येतं आणि आकडा डळमळत नाही. तोही जसाच्या तसा धरू नये. एकदा एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरून मोजलं. 612 किलोमीटरला 36.4 लिटर लागलं, म्हणजे 16.8 चं ॲव्हरेज. मीटर 17.8 म्हणत होतं. गाडी इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून इंधनाचा अंदाज बांधते, त्यामुळे असा फरक राहू शकतो. माझ्या गाडीत तो साधारण सहा टक्क्यांचा आहे आणि दर टाकीला जवळपास तेवढाच येतो. म्हणून मी मनातल्या मनात एक वजा करतो. ‘आणखी किती किलोमीटर’ हा आकडा मात्र मी काढून टाकला. तो नुकत्याच झालेल्या चालवण्यावरून ठरतो, त्यामुळे खंबाटकी चढताना झपाट्याने उतरतो आणि खाली आल्यावर पुन्हा वाढतो. पंप कधी गाठायचा हे ट्रिप बीचे किलोमीटर जास्त भरवशाने सांगतात: 500 झाले की पुढच्या पंपावर थांबायचं.

बायकोच्या किल्लीवर वेगळी मांडणी आहे. ती मुख्यतः शहरातच चालवते, म्हणून तिच्या मध्ये कायम नकाशा आणि ट्रिपच्या जागी घड्याळ. टायरचे चार आकडे मात्र तिने डाव्या कप्प्यात ठेवले आहेत, आणि निघताना चौघांपैकी एखादा वेगळा आहे का, एवढंच ती बघते.