थोडक्यात टळलेली चूक लिहून का ठेवावी?

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी इथे १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले, म्हणून सगळ्यांना कळले. पण थेंब तोंडात पडण्याआधीच कुणी बाटली ओळखली असती तर? ‘बरं झालं, वाचलो’ म्हणून विषय तिथेच संपला असता आणि दोन्ही बाटल्या शेजारी शेजारीच राहिल्या असत्या.

अशा टळलेल्या चुकांसाठी मी पिंगळीच्या दवाखान्यात एक वही ठेवली आहे. त्यातली एक नोंद सांगतो.

एका आजोबांना सकाळी २० युनिट इन्सुलिन चालू होते. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली दोन ताकदींची मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज असते, १०० साठी नारिंगी. त्या महिन्यात घरी १०० ची बाटली आली, सिरिंजा मात्र जुन्याच, लाल टोपणाच्या. लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर औषध येते. ४० च्या बाटलीतून ते २० युनिट होते, १०० च्या बाटलीतून थेट ५०. म्हणजे अडीचपट! साखर एकदम उतरून आजोबा बेशुद्ध पडले असते. सूनबाईंनी सुई टोचण्याआधी फोन केला म्हणून टळले.

वहीत नुसते ‘सूनबाईंनी वेळीच ओळखले’ असे लिहिले असते, तर पुढे त्याचा काही उपयोग झाला नसता. म्हणून बाटलीवरचा मजकूर जसाच्या तसा लिहिला. टोपणाचा रंग, चिठ्ठीवरचे शब्द आणि चूक कोणत्या टप्प्यावर लक्षात आली तेही लिहिले. सगळ्यात महत्त्वाचे, शंका कशामुळे आली? ‘खोक्याचा रंग वेगळा दिसला.’ म्हणजे खोके आधीच फेकले असते, तर शंका आलीच नसती. चूक कुणाची, ते नाव लिहिले नाही. नाव लिहू लागलो, तर पुढच्या वेळी कुणी सांगायलाच येणार नाही.

दोन महिन्यांनी दुसऱ्या घरातून अशीच नोंद आली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसले की चिठ्ठ्या बाहेरगावच्या वेगवेगळ्या दवाखान्यांच्या होत्या, पण दोन्हींवर फक्त ‘इन्सुलिन २० युनिट’ होते. बाटलीची ताकद कुठेच नव्हती. तेव्हापासून इन्सुलिनचा पेशंट कुठूनही आला, तरी आम्ही चिठ्ठीवर ‘४० ची बाटली, लाल टोपण’ असे लिहून देतो.

वहीची मर्यादाही आहे. कुणी सांगितले तेवढेच तिच्यात येते. म्हणून तुमच्या घरी असे काही टळले, तर त्याच दिवशी सांगा आणि बाटली, सिरिंज, खोके, चिठ्ठी सोबत आणा. चार दिवसांनी ‘काहीतरी गडबड होती’ एवढेच आठवते. शंका कशामुळे आली, ते विसरलेले असते.