१८१८ चा ‘रामदरबार आणा’ आणि पणजोबांचे पदक

१/ आमच्या आजीच्या पत्र्याच्या डब्यात दोन गोल वस्तू होत्या. पहिली पिवळसर, देवघरात ठेवलेली. तिच्या एका बाजूस राम, सीता, लक्ष्मण आणि पायाशी हनुमान. दुसऱ्या बाजूस इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘एक आणा’ आणि १८१८ हे साल. दुसरी काळपट तपकिरी, वर लोखंडी खिट्टीसारखी आडवी दांडी असलेली. ती डब्याच्या तळाशी, सुया-दोऱ्यांबरोबर. घरात पहिलीला ‘पेशवाईतला आणा’ म्हणत आणि दुसरीला ‘बसऱ्याचा बिल्ला’.

२/ तीन वर्षांपूर्वी काकांनी एका चित्रफितीत तसाच आणा पाहिला. किंमत लाखांत सांगितलेली होती. गावच्या घराचे छप्पर पावसाळ्यापूर्वी बदलायचे होते, हातात पैसे नव्हते. काकांनी दिलेल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या माणसाने छायाचित्र मागवले, वाहवा केली आणि ‘नोंदणीसाठी’ पाच हजार रुपये भरायला सांगितले. काकांनी ते भरले. मग आणखी आठ हजार मागितले गेले, तेव्हा ते माझ्याकडे आले. “तू इतिहास वाचतोस ना? मग सांग, हे खरे की खोटे?”

३/ मी दोन्ही वस्तू पुण्यात आणल्या. प्रथम आणा. १८१८ हे साल पुणेकराच्या मनाला लगेच भिडते. पेशवाई संपली ते हे वर्ष. पण त्या वर्षी पुण्याच्या बाजारात चालत होते ते अंकुशी रुपये आणि तांब्याच्या शिवराया. त्यांवर इंग्रजी अक्षर नव्हते. कंपनीचे राज्य आल्यावरही काही वर्षे पुण्यात अंकुशी रुपयेच पाडले जात होते. साऱ्या मुलखासाठी एकसारखे इंग्रजी नाणे आले ते १८३५ मध्ये.

४/ त्या १८३५ च्या मालिकेत तांब्याची नाणी कोणती होती? अर्धा आणा, पाव आणा आणि आण्याचा बारावा भाग. एक आण्याचे नाणे त्यात नव्हतेच. एक आण्याचे नाणे चलनात आले १९०७ मध्ये, तेही तांबे-निकेलचे आणि नागमोडी काठाचे. म्हणजे आमच्या हातातली वस्तू जे असल्याचा दावा करते, तसे नाणे त्या काळी अस्तित्वातच नव्हते.

५/ इथे जाणकार वाचक अडवेल: कंपनीने नाण्यांवर देव घातलेच नव्हते काय? घातले होते. मद्रासच्या तिच्या सोन्याच्या पगोड्यांवर विष्णू आहे, कारण दक्षिणेतल्या व्यापाऱ्यांचा विश्वास त्याच जुन्या धाटणीच्या नाण्यांवर होता. पण ती लहान सोन्याची नाणी होत. तांब्याच्या आण्यावर रामदरबार कंपनीने कधी काढला नाही. तो देखावा आला आहे ‘रामटंक्या’वरून, म्हणजे देवघरात पूजण्यासाठी किंवा तीर्थाची आठवण म्हणून पाडल्या जाणाऱ्या मुद्रेवरून. रामटंका चलन नव्हता आणि तसा दावाही करत नव्हता. कोणीतरी त्याला कंपनीचे नाव आणि साल चिकटवले.

६/ साले पाहा: या वस्तूंवर बहुधा १६१६, १७१७, १८१८ अशी जोडीची साले सापडतात. १६१६ मध्ये कंपनीजवळ सुरतेत मोगलांच्या परवानगीने चालणारी वखार होती. ती ‘आणा’ कुठून पाडणार? साल डोळ्यांत भरावे एवढाच त्यामागचा हेतू.

७/ आता धातू. तो नुसत्या रंगावरून सांगू नये. वजन आणि आकारमान यांच्या प्रमाणावरून सांगावा. सोनाराकडे असतो तसा छोटा अंकी काटा घ्या. वस्तू कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला वा काठाला टेकणार नाही, अशी लटकवा. काटा जो आकडा दाखवील तितके घनसेंटिमीटर तिचे आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. आमचा आणा भरला १०.६ ग्रॅम, पाण्यात आकडा आला १.२६. भागाकार ८.४. शुद्ध तांबे ८.९ च्या आसपास येते, ८.४ आणि पिवळी झाक म्हणजे पितळ.

८/ वजनही बोलले. कंपनीचा तांब्याचा अर्धा आणा सुमारे १३ ग्रॅमचा असे. त्या हिशोबाने तांब्याचा एक आणा २६ ग्रॅमच्या जवळ भरायला हवा होता, हा १०.६ चा. शिवाय भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक खड्डे होते आणि कडेवर कानस घासल्याच्या रेघा. ठप्प्याने पाडलेल्या नाण्याचे सपाट भाग गुळगुळीत असतात. खड्डे आणि कानस ही ओतकामाची खूण. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी असे ‘आणे’ चादरीवर ढिगाने मांडलेले असतात. मी एकाला भाव विचारला. “शंभराला दोन घ्या.” ही आमच्या लाखांच्या आण्याची किंमत. ‘हा तांदूळ ओढतो’ असे सांगून विकणारेही भेटतात. तिथे तांदळाला लोखंडाची भुकटी लावलेली असते आणि नाण्यात चुंबक.

९/ मग बसऱ्याचा बिल्ला. काकांनी तो विकावा म्हणून चिंच-मीठ लावून अर्धा घासला होता. ही सर्वांत महाग पडणारी चूक: वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी थर एकदा गेला की परत येत नाही, आणि संग्राहक त्याच थराचा मान ठेवतो. एका दुकानात त्यांना सांगितले गेले, “चांदीचे असते तर घेतले असते. हे तांबे, मोडीच्या भावात देऊन टाका.” काटा काढला. कोरडे वजन २७.९ ग्रॅम, पाण्यात ३.१७, भागाकार ८.८. चांदीचे असते तर सुमारे १०.४ आला असता. दुकानदार धातूबाबत बरोबर होता. किंमतीबाबत मात्र चुकला.

१०/ एका बाजूस पंचम जॉर्जचे मस्तक. दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला नग्न पुरुष, टापांखाली ढाल आणि कवटी, कडेला १९१४ आणि १९१८. हे पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश युद्धपदक, व्यास ३६ मिलिमीटर. सैनिकांना ते चांदीचे मिळाले आणि लाखोंच्या संख्येने मिळाले. काशाचे पदक दिले गेले ते मुख्यतः मजूर तुकड्यांतल्या लोकांना: भारतीय, चिनी, माल्टाचे. अशी सुमारे १,१०,००० पदके निघाली. म्हणजे इथे हलका धातू दुर्मीळ आणि चांदी विपुल. केवळ धातूच्या भावाने पाहणारा नेमका उलटा निष्कर्ष काढतो.

११/ नाण्यावर आपण टांकसाळीची खूण शोधतो. मुंबईच्या नाण्यावर ठिपका किंवा चौकट, कलकत्त्याच्या नाण्यावर बहुधा काहीच नाही. या पदकावर तशी खूण शोधू नये. इथे वाचायची ती कड. पदकाच्या कडेवर बहुधा मिळवणाऱ्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. नाव खोडून दुसरे घातले आहे काय, हे मापकाने कळते: कड घासली की त्या जागी व्यास ३६ पेक्षा किंचित कमी भरतो. आम्ही सहा ठिकाणी मोजले. सगळीकडे सारखेच भरले. कडेवर अक्षरांचा ठसा खोल आणि सरळ होता. चिंचेने कड वाचली होती.

१२/ कंदील तिरका धरला आणि मी अक्षरे वाचली. क्रमांक, मग ‘लेबरर’, मग पणजोबांचे नाव, मग मजूर तुकडी. काका बराच वेळ गप्प राहिले. घरात सगळे सांगत आले होते की पणजोबा बसऱ्याला ‘लढले’. “मजूर होते म्हणजे,” ते म्हणाले. आजी आतून म्हणाली, “मग? धान्याची पोती कोणी उतरवली असती? बंदुका खाऊन लढले असते का ते?”

१३/ पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत चावडीवर वा देवळाच्या भिंतीत संगमरवरी फलक आहे: या गावातून इतकी माणसे महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आमच्याही गावात आहे. त्यावर आकडे आहेत, नावे नाहीत. आमच्या पणजोबांचे नाव सरकारने लिहिले असे मला ठाऊक असलेले ठिकाण एकच: या काशाची कड.

१४/ मग किंमत कशी ठरवायची? क्रम असा ठेवा. प्रथम हेतू: वस्तू कशासाठी पाडली? चलन, पूजा, सन्मान की मजुरी-भोजनाचा टोकन? मग ती त्या हेतूशी आणि सालाशी जुळते काय? मग धातू, काट्यावर. मग पाडण्याची रीत: ठप्पा की ओतकाम? आणि शेवटी नाव, क्रमांक, सोबतची कागदपत्रे. पदकाचा भाव हा शेवटच्या घटकावर सर्वांत अधिक हलतो. त्याच धातूचे, त्याच घडणीचे पदक माणसाची हकीकत कळली की वेगळ्या भावाला जाते. शंभर वर्षे ओलांडलेल्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, हेही ध्यानात असावे; ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.

१५/ पदक विकले नाही. छपरासाठी काकांनी पतपेढीचे कर्ज काढले आणि ते अजून फिटते आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पाच हजार गेले ते गेलेच. आणा पुन्हा देवघरात आहे; पितळेचा राम म्हणून त्याची पूजा चालूच आहे आणि आजीला त्यात काही खोटे वाटत नाही. पदक मात्र आता सुया-दोऱ्यांत नाही. ते बिनरंगी सुती कापडात गुंडाळले आहे, आणि अर्धा चकाकता, अर्धा काळा असा त्याचा चेहरा आम्ही तसाच राहू दिला आहे.

१६/ तुमच्या घरच्या डब्यात असे काही असेल तर एवढेच करा: घासू नका, कोणाला ‘नोंदणी’चे पैसे देऊ नका, आणि आधी कड वाचा.