दोन ‘हो’च्या मधे

रस्सीखेचीत संघ ओढताना फारसा हरत नाही, दोन ओढींच्या मधल्या वेळात हरतो. ‘हो’ झालं की आठही मुलं जोर लावतात, दोरावरची लाल खूण वीतभर आपल्या बाजूला येते, आणि पुढच्या ‘हो’च्या आधी, ओरडणाऱ्यांचं लक्ष नसताना, ती चार बोटं परत जाते. हिशेब सोपा आहे. जिंकायला दोर चार मीटर यावा लागतो. वीतभर म्हणजे बावीस सेंटीमीटर धरले तर अठरा-एकोणीस ओढींत काम होतं. चार बोटं दर वेळी परत गेली तर सत्तावीस ओढी लागतात. या वरच्या आठ ओढींत बारा वर्षांच्या मुलांचा दम संपतो. सहावी ते आठवीच्या मुलांना ओढायला शिकवावं लागत नाही. ओढलेलं सांभाळायला शिकवावं लागतं, आणि एवढी वर्षं मैदानावर काढून मी अजून त्याच एका गोष्टीशी झगडते आहे.

पूर्वी मी ते अंगाने शिकवायचे. एका टोकाला चार मुलं, दुसऱ्या टोकाला मी आणि एक सहकारी. पलीकडचा दोर हलका लागला रे लागला, की मी एक पाऊल मागे टाकायचे. तेवढ्यात चौघं पुढे खेचली जायची. ‘कुठे सैल पडलात ते कळलं?’ असं विचारलं की मुलं मान डोलवायची. त्यांना काय कळत होतं याची मला आज शंका आहे. ‘समोर बाई होत्या म्हणून हरलो’ एवढं मात्र ती वर्गात जाऊन सांगायची, आणि ते माझ्या कानावर आलं की मला फार बरं वाटायचं. सातवीच्या वर्गाला आपल्या ताकदीचा धाक वाटावा, ही माझी हौस होती.

मग उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. डॉक्टरांनी दोराला हात लावायचा नाही असं बजावलं. आता दुसरं टोक धरायला मी नाही, तर कोण?

झाडाला दोर बांधून पाहिला. झाड हलत नाही, त्यामुळे मुलांना आपण सैल पडलो हे समजतच नाही. ट्रॅक्टरचा जुना टायर ओढायला लावला. तो ओढला जातो, पण सोडला तर जागच्या जागी थांबतो. समोरच्या संघासारखं उलटं ओढणारं काहीतरी हवं होतं. शेवटी गावातल्या वेल्डरकडून एक लोखंडी चौकट करून घेतली. पाय काँक्रीटमध्ये गाडले, एक कप्पी वर आणि एक खाली, मुलांच्या मांडीच्या उंचीवर. दोर खालच्या कप्पीतून वर जातो, वरच्या कप्पीवरून खाली उतरतो, आणि त्याला वाळूची दोन पोती टांगलेली, मिळून साधारण शंभर किलो. पोत्यांखाली टायर अंथरलेले. पोतं दीड फुटापेक्षा वर न्यायचं नाही आणि चौकटीच्या दोन्ही अंगांना चुन्याने आखलेल्या चौकोनात कोणी पाय ठेवायचा नाही, हे नियम पहिल्या दिवसापासून आहेत.

चौकटीच्या खांबावर मी खडूने वीत-वीत अंतरावर रेघा मारल्या. सातवीचा संघ उभा केला. आठ मुलं-मुली, प्रत्येकाचं वजन तीस-पस्तीस किलोच्या आत-बाहेर. ‘हो’ झालं आणि पोतं एक रेघ वर आलं. मग ते खाली उतरताना आठही जणांनी डोळ्यांनी पाहिलं. जे मी इतकी वर्षं खांद्याने सांगत होते ते पोत्याने एका फेरीत दाखवलं. मला ते थोडं लागलंही.

पण पोतं किती उतरलं हे दिसलं, का उतरलं ते दिसत नव्हतं. त्यासाठी मी बाजूला उभी राहून एका फेरीत एकाच मुलाकडे पाहायला लागले. आधी कोपरं दिसली. पुढची दोघं ‘हो’ला हात कोपरात वाकवून दोर छातीकडे आणत होती. पोतं चढायचं ते त्या वाकण्यामुळे. हाताचे स्नायू तो भार पेलू शकत नाहीत, म्हणून आवाज संपला की कोपरं आपोआप सरळ व्हायची, आणि जेवढं आलं तेवढंच परत. कोपराने मिळवलेलं कोपरातूनच निघून जातं. पायांनी मिळवलेलं राहतं, कारण तिथे जमीन सांभाळते.

दुसरं कारण सापडायला बरेच दिवस गेले, आणि ते मला अजूनही अस्वस्थ करतं. ‘हो’ संपल्यावर मुलं पाय सावरून घेतात. दोन्ही टाचा उचलून नवी जागा शोधतात. एकट्या मुलाने केलं तर इतर सात जण ओझं धरून असतात, काही बिघडत नाही. पण आम्ही त्यांना ताल शिकवलेला असतो. त्यामुळे आठही जण एकाच क्षणी टाचा उचलतात. ज्या तालाचा आम्ही अभिमान धरतो, तोच सगळ्यांना एकदम सैल करतो. कच्चा, बेसूर ओढणारा संघ कधीकधी शिकवलेल्या संघाला हरवतो आणि सगळे नशिबाला बोल लावतात. मला वाटतं, त्यातल्या कित्येक वेळा कारण हे असतं.

म्हणून मी आवाजाची जागा बदलली. आपल्याकडे ‘हैय्या’ लांबवून म्हणायची रीत आहे. मूल ते ऐकतं, त्याबरोबर जोर लावतं, आणि आवाज थांबला की त्याचं अंगही थांबतं. सैल पडण्याची जागा नेमकी शांततेची होती. आता आमच्याकडे ‘हो’ अगदी आखूड असतो, आणि त्यानंतर लगेच लांब ‘धऽऽऽर’. तो सगळ्यांनी हळू आवाजात, तोंडाने हवा सोडत म्हणायचा. यात आणखी एक फायदा झाला. मुलं जोर लावताना श्वास कोंडून धरतात, चेहरे लालबुंद होतात, मग चक्कर येते. ‘धर’ म्हणत असताना श्वास कोंडता येत नाही. ‘धर’ चालू असताना टाच हलवायची नाही. ‘हो’ला आधी एकच पाय, तोही अर्ध्या तळव्याएवढाच मागे, मग दुसरा. एकही कोपर वाकलं तर फेरी थांबते. फेरी अर्ध्या मिनिटाची, त्याहून जास्त नाही. महिन्याभराने चार बोटांचं एक बोट झालं. ते एक बोट अजून गेलेलं नाही. घर्षणामुळे कप्पी पोतं उतरताना मुलांच्या बाजूने असते, त्यामुळे खऱ्या संघासमोर ते एकाचं दीड होतं, हेही मला माहीत आहे.

हाक कोणी द्यायची, हा प्रश्न मला सर्वांत जड गेला. तालुक्याच्या स्पर्धेत माझा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ओळखला जायचा, आणि मी तो त्याचसाठी काढायचे. पण बाहेर उभं राहून हाक देणाऱ्याला दोराचा ताण समजत नाही. संघाच्या शेवटी उभी राहणारी सातवीतली एक मुलगी सरावात स्वतःशीच पुटपुटत असायची. तिच्या पाठीवरून, खांद्यावरून दोर जातो, पुढच्या सात पाठी तिला दिसतात. पलीकडचे कधी थकले ते तिला माझ्या आधी कळतं. तिचा आवाज लहान आहे. तरी तिने ‘हो’ म्हटलं की पोतं सरळ चढतं. आता हाक तीच देते. मी गप्प उभी राहते, आणि ते मला आवडत नाही.

आमच्या भागातले काही प्रशिक्षक झटक्यावर खेळतात. शिट्टी वाजली की एकदम हिसका, समोरचे सावरायच्या आत दोन पावलं. लहान मुलांत हे चालतंही, आणि चषक मिळतात. मला तो प्रकार मान्य नाही. हिसका देणाऱ्या संघाला पहिल्या पाच सेकंदांनंतर काही येत नसतं, आणि वाढत्या वयातल्या पाठीला वाकलेल्या अवस्थेत बसलेला हिसका महागात पडतो. दुसरी रीत म्हणजे वर्गातली सगळ्यांत जाड मुलं निवडायची. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत संघाच्या एकूण वजनाप्रमाणे गट असतात. शाळेत वजनकाटा असतोच, दोन्ही संघांची बेरीज जवळपास सारखी करायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कोणी देत नाही. मैदानांवर पेव्हर ब्लॉक बसवले जातात, ज्यावर टाच रुतत नाही आणि पडलं तर डोकं फुटतं, त्याबद्दलही कोणी बोलत नाही.

हिसक्याचा खरा भार येतो तो दोरावर, आणि इथे मी कुणाशीही तडजोड करत नाही. शाळांना सहज मिळतो तो बोअरवेलच्या मोटारीचा नायलॉनचा दोर. तो बारीक असतो, हात कापतो, आणि ताणतो. ताणल्यामुळे तालाचीही फसगत होते. खूण वीतभर आली असं वाटतं, पण समोरच्यांचे पाय हललेलेच नसतात, नुसता दोर लांबलेला असतो. तुटला तर साठलेला ताण चाबकासारखा परत येतो. 1978 साली अमेरिकेत हॅरिसबर्ग भागात दोन हजारांहून जास्त विद्यार्थी विक्रमासाठी नायलॉनचा दोर ओढत होते, तो तुटला आणि काही मुलांची बोटं गेली. 1997 साली तैपेईत सोळाशेच्या आसपास माणसं ओढत असताना दोर तुटून दोघांचा एकेक हात खांद्याखाली तुटला. आपल्याकडे वार्षिक क्रीडा महोत्सवात ‘सगळा वर्ग विरुद्ध सगळा वर्ग’ लावतात तेव्हा मला हे आठवतं. दोरावरचा ताण दोन्ही बाजूंची बेरीज नसतो, एका बाजूइतका असतो. पण एका बाजूला चाळीस मुलं असली तर तो हजार किलोच्याही पुढे जाऊ शकतो, आणि सर्वांत जास्त असतो मधल्या खुणेपाशी.

म्हणून आठ विरुद्ध आठ, त्यापेक्षा जास्त नाही. दोर मनिलाचा किंवा तागाचा, दहा सेंटीमीटर घेराचा, म्हणजे लहान मुठीत मावेल आणि कापणार नाही. दोराला गाठ नाही, फास नाही. मनगटाला वेढा घेतलेला दिसला की मी शिट्टी मारते, मग समोर कुणीही पाहुणे बसलेले असोत. शेवटच्या गड्याने दोर कमरेला बांधायची आपली जुनी पद्धत मुलांत साफ बंद. बांधलेला मुलगा पडला तर बाकीच्यांबरोबर फरफटत जातो, त्याला सुटता येत नाही. आणि गंमत म्हणून एकदम दोर सोडून देणाऱ्या संघाला मी त्या दिवशी पुन्हा उभं करत नाही. शिट्टीनंतर सगळ्यांनी उभं राहायचं, मग दोर मिळून खाली ठेवायचा.

सरावाआधी दोर हातातून सरकवत नेते. पीळ थोडा उलटा फिरवून आत पाहते. आतून भुकटी पडली, पदर काळा पडलेला किंवा उंदराने कुरतडलेला दिसला, की तो दोर माझ्यासाठी संपला. आणि माझ्या सहकाऱ्यांना एकच विनंती आहे: असा दोर कोठीत ठेवू नका, कुणाला देऊही नका. कोयत्याने हात-हातभर तुकडे करा आणि मगच टाका. अख्खा राहिला तर सव्वीस जानेवारीला कुणीतरी तो बाहेर काढतंच.